ईआरपी आणि ऑनलाइन दुकान यांची एपीआय जोडणी

माल, खरेदी आणि हिशेब सांभाळणारी ईआरपी आणि ग्राहकाला दिसणारे ऑनलाइन दुकान एपीआयमार्फत एकमेकांशी बोलते ठेवण्याच्या व्यवस्थेला ही जोडणी म्हणतात. साठा आणि किमती ईआरपीकडून दुकानाकडे जातात आणि ऑर्डरी उलट दिशेने येतात. माल रवाना झाला की ट्रॅकिंग क्रमांक पुन्हा दुकानाकडे जातो. दोन्ही प्रणालींच्या मध्ये बहुधा मिडलवेअर असते. ते संदेश रांगेत ठेवते आणि एकीकडचे एसकेयू, म्हणजे वस्तूंचे कोड, दुसरीकडच्या एसकेयूशी जुळवते. (एक्सेलमधून फिरून आलेला 00412 हा कोड 412 होतो आणि ती वस्तू जुळतच नाही. ही चूक फार जुनी आहे, तरी अजून होते.)

दुकानात दाखवायचा आकडा म्हणजे गोदामातला सगळा साठा नव्हे. त्यातून आधीच्या ऑर्डरींसाठी राखलेले नग आणि सुरक्षा साठा वजा करावा लागतो. गोदामात 12 नग आहेत, 3 राखलेले आहेत आणि 2 सुरक्षा साठा आहे असे धरू. विक्रीयोग्य नग 7 उरतात. आता एका ग्राहकाने 2 नग घेतले. दुकानाने स्वतःचा आकडा लगेच 5 केला, पण ऑर्डर अजून रांगेत आहे आणि ईआरपीला तिचा पत्ता नाही. तेवढ्यात ठरल्या वेळेचे साठा-सिंक चालते आणि ईआरपीचे 7 दुकानावर लिहिले जातात. विकलेले दोन नग पुन्हा विक्रीला लागतात. तुरळक विक्रीत हे खपून जाते. सेलच्या दिवशी मात्र नसलेला माल विकला जातो.

बदल तेवढाच पाठवावा, म्हणजे ‘2 कमी करा’ असे सांगावे, हा उपाय आधी सुचतो. पण असा एखादा संदेश हरवला किंवा दोनदा पोहोचला, तर चूक आकड्यात कायमची बसते. म्हणून पूर्ण आकडा पाठवणेच बरे. फक्त ईआरपीत न पोहोचलेल्या ऑर्डरींचे नग मिडलवेअरने त्यातून वजा करावेत. वरच्या उदाहरणात 7 मधून 2 गेले की 5 राहतात. ऑर्डर ईआरपीत नोंदली गेली की राखीव नग 3 चे 5 होतात. त्याच वेळी ती प्रलंबित यादीतून निघाली पाहिजे, नाहीतर तेच नग दोनदा वजा होऊन दुकानात 3 दिसतात.

ऑर्डरीच्या प्रवासात सर्वांत फसवा प्रसंग टाइमआउटचा असतो. मिडलवेअरने ऑर्डर WEB-10482 पाठवली, ईआरपीने ती नोंदवली, पण उत्तर परतताना संपर्क तुटला. काम झाले की नाही, हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्याने तशीच पुन्हा पाठवली तर दुसरी ऑर्डर तयार होते. राखीव नग 7 होतात, दुकानात 3 दिसतात आणि दुसरे पार्सलही बांधले जाते. जास्तीची विक्री झाली तर ग्राहक तक्रार तरी करतो. विनाकारण अडकलेल्या दोन नगांबद्दल कोणीच बोलत नाही.

वेबहुक, म्हणजे घटना घडताच एका प्रणालीने दुसरीला आपोआप पाठवलेले संदेशही बहुधा ‘किमान एकदा’ या बोलीवर पोहोचवले जातात, म्हणजे तोच संदेश पुन्हा येणे नियमाला धरूनच असते. आधी शोधून मग नोंदवणे पुरत नाही. दोन प्रक्रियांनी एकाच क्षणी शोधले तर दोघींनाही ‘नाही’ असेच उत्तर मिळते. दुकानाच्या ऑर्डर क्रमांकावर डेटाबेसमध्येच अनन्यतेची अट हवी:

```sql
CREATE UNIQUE INDEX ux_order_ext
ON sales_order (channel, external_order_no);
```

काही ईआरपींमध्ये, विशेषतः क्लाउडवरच्या, टेबलांना असा हात लावता येत नाही. तिथे एका ऑर्डरीवर एका वेळी एकच प्रक्रिया काम करील असे कुलूप ठेवावे आणि टाइमआउटनंतर बाह्य क्रमांकाने शोध घेऊनच पुन्हा पाठवावे. पहिली विनंती ईआरपीत अजून चालू असेल तर हा शोधही फसतो, त्यामुळे थोडे थांबून शोधलेले बरे.

प्रत्येक अपयशावर पुन्हा प्रयत्न करणे चूक आहे. 503, म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नसल्याचे उत्तर, किंवा टाइमआउट आल्यास 1, 2, 4, 8 सेकंद असे अंतर वाढवत जावे आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घालावी, म्हणजे अडलेल्या सगळ्या ऑर्डरी एकदम धडकत नाहीत. 429 म्हणजे विनंत्या फार झाल्या; त्यासोबत `Retry-After` आले असेल तर तेवढे थांबावे. 422 मात्र बहुधा ऑर्डरीतच खोट असल्याचे सांगते: एसकेयू सापडत नाही किंवा कराची बेरीज पैशाने चुकते. अशी ऑर्डर कितीदाही पाठवली तरी अडणारच. ती कारणासह वेगळ्या रांगेत टाकून माणसापुढे ठेवावी, म्हणजे मागच्या ऑर्डरी खोळंबत नाहीत.

देखरेखीसाठी रांगेच्या लांबीपेक्षा तिच्यातल्या सर्वांत जुन्या ऑर्डरीचे वय पाहावे. सेलमध्ये लांब रांगही झरझर सरकते, आणि एकच ऑर्डर सहा तास पडून असली तरी लांबी 1 दिसते. शिवाय रोज एकदा दोन्हीकडच्या ऑर्डरी ताडून पाहाव्यात, आणि तेही क्रमांकानुसार. एक ऑर्डर हरवली आणि दुसरी दोनदा नोंदली गेली, तरी एकूण संख्या जुळतेच.