किर्ताच्या प्रार्थनाघरातली जप्ती

इसवी सन ३०३ च्या १९ मे रोजी उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता या रोमन शहरात एक जप्ती झाली. हे शहर आजच्या अल्जीरियात आहे. शहराचा कारभारी मुनातियस फेलिक्स कारकून आणि शिपाई घेऊन ख्रिस्ती लोक जमत त्या घरी गेला. सम्राट डायोक्लिशियनचा हुकूम तीनच महिन्यांपूर्वी निघाला होता: प्रार्थनास्थळे पाडा, धर्मग्रंथ जाळा. कारकुनाने प्रत्येक वस्तू नोंदवून घेतली आणि आश्चर्य म्हणजे तो पंचनामा आज आपल्याला वाचायला मिळतो.

सोन्याचे दोन पेले, चांदीचे सहा, चांदीच्या झाऱ्या, दिवे, समया. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पुढे मात्र यादी वेगळेच वळण घेते. बायकांचे अंगरखे ८२. डोक्यावरून घ्यायची वस्त्रे ३८. पुरुषांचे अंगरखे १६. पुरुषांच्या पायताणांचे १३ जोड, बायकांच्या पायताणांचे ४७.

देवघरात इतके कपडे कशाला? ते गरिबांना, त्यातही विधवांना वाटण्यासाठी साठवलेले होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जेवणाच्या खोलीत पिंपेही सापडली. म्हणजे फेलिक्सने धाड घातली ती जागा प्रार्थनाघर होती, तशी कोठीही होती. छळ होणारा एक पंथ तीनशे वर्षांत कसा वाढला, या प्रश्नाची बरीच उकल मला या कोठीत दिसते.

आधी वाढीचा हिशेब करू. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९० च्या दशकात तो मांडला. समजा, इसवी सन ४० मध्ये ख्रिस्ती लोक हजारभर होते आणि ३०० च्या सुमारास साठेक लाख, म्हणजे साम्राज्याच्या लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के. एवढी मजल मारायला दर दशकात ४० टक्के वाढ लागते. आकडा दांडगा वाटतो, पण वर्षाला तो जेमतेम साडेतीन टक्के पडतो. शंभर जणांच्या मंडळीत वर्षाकाठी तीन-चार माणसे वाढली की झाले! त्यासाठी चमत्कार लागत नाहीत आणि हजारोंची सामूहिक धर्मांतरेही लागत नाहीत. चक्रवाढ व्याजाचे जे होते तेच इथे होते. या हिशेबाने इसवी सन १०० मध्ये साडेसात हजार माणसे भरतात, म्हणजे साम्राज्याच्या मानाने जवळपास अदृश्य. २०० मध्ये दोन लाखांवर आणि २५० मध्ये अकरा-बारा लाख.

यातला सुरुवातीचा आकडा अंदाजाचाच आहे, शेवटचाही. ख्रिस्ती लोकांची शिरगणती कोणी केली नव्हती. शिवाय वाढ सगळीकडे सारखी नव्हती. शहरांत दाट, खेड्यांत विरळ. तरीही एक गोष्ट या वक्ररेषेवरून नीट कळते. साम्राज्यभर छळाचे हुकूम तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून, सम्राट डेसियसच्या काळापासून निघू लागले. त्याआधीचा छळ खरा होता, पण तो एखाद्या शहरापुरता, एखाद्या सुभेदाराच्या कारकिर्दीपुरता असे. संख्या डोळ्यांत भरू लागली तेव्हाच केंद्राला जाग आली, आणि तोवर उशीर झाला होता.

मग ही दरसालची तीन-चार माणसे यायची कुठून? ओळखीपाळखीतून, घरातून, शेजारातून. आणि एकदा आलेली टिकायची का, याचे उत्तर त्या ८२ अंगरख्यांत आहे. रोमन समाजात विधवेला आधार असे तो तिच्या घरचा. घर नसेल तर ती उघड्यावर. श्रीमंत लोक दानधर्म करत, पण तो स्नानगृहे, खेळ आणि मेजवान्यांवर, नागरिकांची वाहवा मिळवण्यासाठी. गरीब म्हणून गरिबाला नेमाने पोसणारी यंत्रणा रोमन शहरांत जवळजवळ नव्हती. इसवी सन २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात लिहितो, की आमची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजूंना सांभाळते. पुढे ३६२ मध्ये ख्रिस्ती धर्म सोडलेला सम्राट ज्युलियन आपल्या पुरोहितांवर चिडतो, की हे लोक स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आपलेही पोसतात. विरोधकाने दिलेली साक्ष म्हणून मला ती अधिक मोलाची वाटते.

आता परत किर्ताला जाऊ. फेलिक्सने ग्रंथ मागितले, तेव्हा बिशप पॉल म्हणाला, ते वाचकांकडे आहेत. वाचक म्हणजे प्रार्थनेत ग्रंथ वाचून दाखवणारे सेवक. मग वरात घरोघर निघाली. फरशीकाम करणाऱ्याच्या घरून पाच पोथ्या, व्याकरण शिकवणाऱ्याकडून दोन, एका घरी नवरा नव्हता तर बायकोनेच सहा आणून दिल्या. धर्माची मालमत्ता अशी कारागिरांच्या घरांत विखुरलेली होती. इमारत पाडून ती संपणारी नव्हती.

पण या पंचनाम्यात शौर्य फारसे नाही. बिशपपासून सगळ्यांनी मुकाट्याने सहकार्य केले. सिल्वानस नावाच्या उपडीकनने, म्हणजे चर्चमधल्या कनिष्ठ सेवकाने तर पिंपामागे सापडलेला चांदीचा दिवा स्वतः काढून दिला. इतरत्र माणसांनी पोथ्या द्यायला नकार देऊन प्राण दिले, आणि जगल्या-वाचलेल्यांत भांडण पेटले ते यावरूनच. ग्रंथ हवाली करणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘ट्रॅडिटोर’ म्हणू लागले.

३११ मध्ये मरणासन्न सम्राट गॅलेरियसने छळ थांबवला आणि ख्रिस्ती लोकांनी आपल्यासाठी त्यांच्या देवाची प्रार्थना करावी, असे हुकमातच लिहिले. पुढच्या वर्षी सम्राट कॉन्स्टन्टाइनने रोमजवळच्या मिल्वियन पुलापाशी प्रतिस्पर्ध्याला हरवले आणि विजयाचे श्रेय ख्रिस्ताला दिले. त्याने धर्म सक्तीचा केला नाही. ते काम बरेच पुढे, ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या फर्मानाने सुरू झाले. कॉन्स्टन्टाइनने दिली ती मेहेरनजर. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या बिशपला खजिन्यातून ३,००० थैल्या नाणी पोचली. पाद्र्यांना नगरपालिकेच्या खर्चिक जबाबदाऱ्यांतून सूट मिळाली. परिणाम असा, की पैसेवाले नगरसेवक एकाएकी पाद्री व्हायला धावले आणि काही वर्षांतच सम्राटाला त्यांना रोखणारे कायदे करावे लागले.

पैसा आला तसा प्रश्नही आला, की खरे चर्च कोणते? आफ्रिकेत दोन गट होते. कार्थेजच्या बिशपला दीक्षा देणारा ट्रॅडिटोर होता, असा आरोप करून डोनेटस नावाच्या नेत्याचा गट वेगळा झाला. मदत मात्र एकाच गटाला मिळाली. गंमत म्हणजे तो उपडीकन सिल्वानस आता याच डोनेटसवाद्यांचा, किर्ताचा बिशप होता. ३२० मध्ये त्याच्याच एका डीकनने बिनसल्यावर त्याचे बिंग फोडले. सुभेदारासमोर खटला चालला आणि पुरावा म्हणून जुना सरकारी पंचनामा वाचला गेला. म्हणूनच तो आपल्यापर्यंत पोचला.

तोवर किर्ताचे नावही बदलले होते. यादवीत उद्ध्वस्त झालेले शहर सम्राटाने पुन्हा उभारले आणि त्याला स्वतःचे नाव दिले, कॉन्स्टन्टिना. तिथे त्याने बांधवलेले चर्च डोनेटसवाद्यांनी बळकावले. ३३० मध्ये कॉन्स्टन्टाइनने दुसऱ्या गटाच्या बिशपांना कळवले, की ते राहू द्या, तुम्हाला दुसरे बांधून देतो. जागा सरकारी आणि खर्चही सरकारी.