कवटीवरून चेहरा : काय मिळते आणि काय मिळत नाही

(पोलीस ठाणी, वकील आणि बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांसाठी)

अनोळखी कवटीवरून मातीने माणसाचा चेहरा घडवण्याचे काम आम्ही करतो. कवटी फक्त पोलिसांच्या पत्रासह स्वीकारतो. तापी-गिरणेच्या पात्रात किंवा शेतातल्या विहिरीत हाडे सापडली, तर ती परस्पर आमच्याकडे आणू नका.

मूळ कवटी हा पुरावा, म्हणून तिच्यावर माती लावत नाही. साचा घेऊन प्लास्टरची प्रत ओततो आणि काम तिच्यावर करतो. खालचा जबडा जोडताना दातांत दोन-तीन मिमी फट ठेवावी लागते, कारण सैल तोंडात दात टेकलेले नसतात. घट्ट मिटवला तर चेहरा आखूड होतो. दात नसेल तर त्याची खाच पाहतो. खाच मोकळी आणि कड धारदार असेल, तर दात मृत्यूनंतर गळालेला असतो; तो आहे असे धरून ओठ बसवतो. खाच हाडाने भरून आली असेल, तर दात जिवंतपणीच गेला आणि ओठ तिथे आत ओढलेला होता.

मग ठरलेल्या तीसेक जागी, हाडावर मांस आणि त्वचा मिळून किती जाडी येते ते दाखवणाऱ्या खोडरबराच्या कांड्या चिकटवतो. भुवयांमध्ये साधारण ५ मिमी, हनुवटीवर १० च्या आसपास, दाढांवरच्या गालावर २० च्या जवळपास. कांडी तिरकी बसली की उंची चुकते. त्यांच्यामध्ये आधी स्नायू, मग त्वचेचा थर येतो. हे आकडे सरासरीचे आहेत, खास खान्देशातल्या माणसांचा तक्ता आमच्याकडे नाही, आणि सडपातळ की जाड हे कवटी नीट सांगत नाही.

सर्वात अवघड नाक. त्याचा शेंडा कूर्चेचा, तो उरतच नाही. हाडातल्या छिद्राची रुंदी नाकाच्या रुंदीच्या सुमारे तीन-पंचमांश धरतात. छिद्र २४ मिमी असेल तर नाक ४० मिमी येते. छिद्राखालच्या काट्याच्या दिशेवरून शेंडा वर की खाली ते ठरते. पण शेंड्याची गोलाई आणि कानाची पाळी बरीचशी अंदाजानेच घडते. केस आणि डोळ्यांचा रंग तर कवटीत नसतोच.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला सापडला. त्याच्या चेहऱ्याला जुन्या चित्रांप्रमाणे गडद केस आणि तपकिरी डोळे दिले होते. २०१४ च्या डीएनए तपासणीत डोळे बहुधा निळे आणि केस, निदान लहानपणी, सोनेरी निघाले. सांगाडा त्याचाच, हे मातृवंशातल्या वारसांच्या डीएनएच्या आधारे आणि इतर पुराव्यांनी ठरले, चेहऱ्यावरून नाही.

म्हणून आमची मूर्ती पाहून "हा आमचाच" असे वाटले, तरी ती ओळख पटली असे कागदावर लिहू नये. आम्हीही तसा दाखला देत नाही. नाव समजल्यावर पोलीस दात किंवा मांडीच्या हाडाचा नमुना आई-वडील अथवा मुलांच्या रक्ताशी ताडून पाहण्यासाठी प्रयोगशाळेत पाठवतात. घरी दातांचा जुना एक्स-रे असेल, तर तो आधी पोलीस ठाण्यात द्या. नसेल तर दात दिसणारा हसरा फोटोही चालेल. रंगवलेला, सुधारलेला नको.