लग्नानंतर नवीन नावाने खातं उघडायचंय? कागद आधी असे बघा

गोव्यात फोंड्याच्या एका बँक ब्रँचमध्ये मी इंटर्न होतो तेव्हा माझं काम एकच, अकाउंट ओपनिंगचे फॉर्म पूर्ण आहेत का बघायचं. ओरिजिनल बघून झेरॉक्सवर 'ओरिजिनल पाहिलं' अशी सही मात्र ऑफिसरच करणार, इंटर्नने करायची नसते. मी फक्त काय जुळत नाही ते पेन्सिलने लिहायचो.

सगळ्यात जास्त अडकायचं ते नावात. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी लग्न होऊन फोंड्यात आलेली. फॉर्मवर सासरचं नवीन नाव, आधार आणि पॅन दोन्ही माहेरच्या नावावर. आधारचं काम सोपं, कारण रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात लग्नाचं सरकारी सर्टिफिकेट किंवा गॅझेट जोडलं तर जुन्या नावाचं ओळखपत्र चालतं. गोव्यात लग्नाची नोंदणी सक्तीचीच असल्यामुळे सर्टिफिकेट असतंच, पण तिने आणलेला कागद पहिल्या सहीचा होता! तो लग्न करायचा इरादा कळवल्याचा, लग्न झाल्याचा नाही. दुसरी सही झाल्यावर सिव्हिल रजिस्ट्रारकडून मिळतं तेच लागतं.

खरी अडचण पॅनची. बँक पॅन नंबर ऑनलाइन तपासते, तिथे जुनंच नाव येणार, सर्टिफिकेट कितीही खरं असलं तरी. काहीजण म्हणतात मग पॅन नसल्याचा फॉर्म 60 भरून देऊ, तर ते अजिबात करू नका, पॅन असताना तो देणं म्हणजे खोटं डिक्लेरेशन. आम्ही तिला दोन रस्ते सांगितले, आधी पॅनवरचं नाव बदलून ये, नाहीतर आत्ता जुन्या नावाने उघड आणि नंतर बदल. पगार यायचा होता म्हणून तिने दुसरा घेतला, आणि मला तेच बरोबर वाटलं.

मग पत्ता. आधारवर सत्तरीचा, राहते फोंड्यात, आणि लाईट बिल सासऱ्याच्या नावावर. स्वतःच्या नावावरचं बिल असतं तर दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, आणि त्यावर खातं उघडलं तरी नवीन पत्त्याचं ओळखपत्र तीन महिन्यांत द्यावं लागतं. पण तिने अंगठा लावून आधार ई-केवायसी केली, आणि तशी केली की आत्ताचा पत्ता वेगळा आहे असं स्वतः लिहून दिलेलं चालतं, म्हणून बिलाचा प्रश्नच मिटला. नुसती आधारची झेरॉक्स दिली असती तर ही सोय नव्हती.

स्पेलिंग पण बघा हां, देसाई एका कागदावर `Desai` आणि दुसऱ्यावर `Dessai` हे आपल्याकडे रोजचंच, फॉर्म भरताना पॅन समोर ठेवून एकेक अक्षर उतरवा. सहीपण पॅनवर इंग्रजीत आणि फॉर्मवर मराठीत असली तर काउंटरवरच विचारतील, कुठली ठेवायची ते घरून ठरवून या.