पट्टा, हार्नेस की हेड हॉल्टर: कुत्रा ओढतो तेव्हा ताण कुठे पडतो?

कुत्रा लीश ओढतो म्हणून अनेक जण आणखी रुंद, आणखी मजबूत पट्टा आणतात. पट्टा तुटत नाही, पण ओढणंही थांबत नाही. या तीन साधनांतला खरा फरक मजबुतीचा नाही. कुत्र्याने जोर लावल्यावर तो जोर शरीराच्या कुठल्या भागावर येतो, हे आधी पाहायला हवं.

साध्या पट्ट्यात तो गळ्यावर, म्हणजे थेट श्वासनलिकेवर येतो. लीश सैल ठेवून चालणाऱ्या कुत्र्याला पट्टा पुरेसा आहे आणि नाव-नंबरचा बिल्ला अडकवायला तो हवाच. पण सतत ओढणारा कुत्रा, नाजूक श्वासनलिकेच्या लहान जाती, पगसारखे चपट्या तोंडाचे कुत्रे किंवा काचबिंदू असलेला कुत्रा यांची लीश पट्ट्याला लावू नये. गळा आवळला की डोळ्यांतला दाबही वाढतो. पट्ट्याखाली दोन बोटं आडवी, सहज पण जेमतेम जावीत. मग पट्टा हलकेच कानांकडे ओढून पाहा. कानांवरून निसटत असेल तर तो सैल आहे. ग्रेहाउंडसारख्यांचं डोकं गळ्यापेक्षा अरुंद असतं, त्यांच्या गळ्यात साधा पट्टा नीट बसवूनही टिकत नाही. त्यांना ताण आल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळला जाणारा मार्टिंगेल पट्टा लागतो. पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासा, कारण गळा वाढतो आणि केसांमुळे ते दिसत नाही.

हार्नेस हा ताण छातीवर घेतो. मात्र पाठीवर कडी असलेल्या हार्नेसने ओढणं कमी होत नाही, उलट कुत्र्याला छातीचा पूर्ण जोर आरामात लावता येतो. ओढणाऱ्या कुत्र्यासाठी छातीपुढे कडी असलेला हार्नेस घ्यावा. कुत्रा पुढे झेपावला की लीश त्याला बाजूला वळवते आणि सरळ रेषेतला जोर मोडतो.

समजा कुत्रा 25 किलोचा आहे, गळा 42 सेंमी आणि छातीचा घेर 72 सेंमी. घेर पुढच्या पायांच्या मागे, छाती सर्वांत रुंद असते तिथे मोजायचा. आकार निवडताना वजनापेक्षा हा घेर महत्त्वाचा, आणि 72 हा आकडा निवडलेल्या आकाराच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त घेराच्या मधोमध येईल असं पाहावं, म्हणजे पट्ट्या दोन्ही बाजूंना सरकवायला जागा राहते. समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा हार्नेस चांगला. छातीवर आडवी पट्टी असलेल्या प्रकारात ती पट्टी खांद्याच्या सांध्यावर येते आणि पाऊल आखूड पडतं.

आधी गळ्याचा भाग बसवा. वायचा सांधा छातीच्या हाडावर टेकला पाहिजे, वर गळ्यात रुतता कामा नये. मग पोटाकडची पट्टी आवळा. ती कोपरापासून दोन-तीन बोटं मागे हवी, नाहीतर काखेत घासून केस जातात आणि कातडी लाल होते. प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं जावीत. दहा मिनिटं चालवून पुन्हा पाहा: पुढची कडी एका बाजूला सरकली असेल तर हार्नेस सैल आहे. शेवटी कुत्र्यासमोर उभं राहून लीश हलकेच आपल्याकडे ओढा. तो मागे सरकून पाय बाहेर काढू शकला, तर रस्त्यावर घाबरल्यावरही नेमकं तेच करेल.

हेड हॉल्टरचं तंत्र वेगळं आहे. त्याची एक पट्टी मानेभोवती आणि दुसरी नाकाभोवती बसते. लीश हनुवटीखाली असते, डोकं वळतं तसं शरीर वळतं, म्हणून थोड्या ताकदीत मोठा कुत्रा आवरतो. इथे बहुतेकांची चूक एकच होते: दोन्ही पट्ट्या सारख्याच सैल ठेवतात. मानेची पट्टी कानांच्या अगदी मागे, कवटीलगत आणि घट्ट हवी. तिच्याखाली एकच बोट जावं. नाकावरची मात्र सैल, इतकी की कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता याव्यात, खाऊ घेता यावा. ती नाकाच्या काळ्या कातडीपर्यंत घसरावी, पण पुढे निघू नये. मानेची पट्टी सैल राहिली की नाकाची पट्टी डोळ्यांकडे चढते किंवा पंजाने निघून येते. हॉल्टर म्हणजे मुसकं नव्हे. तो घालूनही कुत्रा चावू शकतो.

पहिल्याच दिवशी घालून बाहेर नेलं तर कुत्रा तोंड जमिनीला घासत राहतो. आधी काही दिवस खाऊ दाखवून नाक स्वतःहून पट्टीत घालू द्या, मग काही सेकंद बकल लावा, आणि वेळ हळूहळू वाढवा. हॉल्टरला लांब किंवा आपोआप गुंडाळणारी लीश कधीही लावू नका, झटकाही देऊ नका: धावता कुत्रा दोरी संपताच थांबला की मान पिरगळते. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना हॉल्टर बसतच नाही. इतरांचाही कधी निसटू शकतो, म्हणून त्याची कडी छोट्या जोडपट्टीने गळ्यातल्या पट्ट्याला अडकवून ठेवा. घरी आल्यावर हॉल्टर आणि हार्नेस दोन्ही काढा आणि काखेत, नाकावर व कानांमागे बोट फिरवून कातडी तपासा.