झेड सीम लपवणे (थ्रीडी प्रिंटिंग)

झेड सीम म्हणजे फिलामेंटवाल्या थ्रीडी प्रिंटच्या बाहेरच्या भिंतीवर खालून वर गेलेली उभी रेघ. प्रत्येक लेयरला नोझल एका जागी भिंत चालू करतं आणि फेरी मारून तिथेच बंद करतं, पण नोझलमधला दाब काही झटक्यात चढत-उतरत नाही त्यामुळे त्या जागी एकतर बारीक गाठ येते नाहीतर फट राहते, आणि अशा शेकडो गाठी एकावर एक आल्या की रेघ दिसते. नोझल न थांबता गोल-गोल वर चढत जातं त्या व्हास मोडमध्ये ती येतच नाही, पण तिथे भिंत एकच असते. बाकी सगळीकडे ती कुठे जाईल तेवढंच आपल्या हातात.

मॉडेलला कोपरे असतील तर काम सोपं. मॉडेलचे लेयर पाडणाऱ्या स्लायसर सॉफ्टवेअरमध्ये `Aligned` ठेवलं की सीम शक्यतो कोपऱ्यात जाते, त्यातही आत वळलेला कोपरा सगळ्यात भारी कारण गाठ तिथल्या सावलीत दबते. खरी अडचण गोल वस्तूला. समजा ८० मिमी व्यासाचा पेन स्टँड आहे, कोपरा एकही नाही. `Back` दिलं तर रेघ मागे जाते, स्टँड भिंतीला टेकून राहणार असेल तर एवढं पुरे. `Random` मात्र टाळाच, रेघ जाते पण अंगभर पुरळ उठल्यासारखे ठिपके येतात.

स्टँड चारी बाजूंनी दिसणार असेल तर स्कार्फ सीम. ऑर्का स्लायसरमध्ये ही २०२४ साली आली. सुतार दोन फळ्या तिरप्या कापून एकमेकींवर बसवतो तसाच हा जोड: लेयर सुरू होताना नोझल जवळपास खालच्या लेयरला टेकलेलं असतं आणि २० मिमी अंतरात हळूहळू पूर्ण उंचीवर चढतं, मटेरियलही त्याच हिशोबात वाढतं, मग फेरी संपताना त्याच चढावर मटेरियल कमी-कमी करत थांबतं. आपल्या स्टँडचा घेर साधारण २५१ मिमी, म्हणजे जोड घेराच्या बाराव्या भागात पसरला. ०.२ मिमीच्या लेयरला १० पायऱ्या धरल्या तर एकेक पायरी फक्त ०.०२ मिमीची, ती डोळ्याला कुठली दिसायला!

पण नोझलमधला दाब वेगाप्रमाणे आधीच सांभाळून घेणारा प्रेशर अ‍ॅडव्हान्स आधी नीट लावलेला हवा, नाहीतर रेघेऐवजी रुंद फुगीर पट्टा येतो, आणि बोट फिरवलं की तो लगेच कळतो. तसं झालं तर आधी प्रेशर अ‍ॅडव्हान्स बघा, मग स्कार्फचा स्पीड कमी करा, फ्लो एखाद-दोन टक्के उतरवा. टोकदार कोपऱ्यावर स्कार्फचा फायदा नाही, उलट कोपरा बिघडतो, म्हणून `Conditional scarf joint` चालू ठेवायचं, मग तो फक्त गुळगुळीत वळणावरच लागतो.

डिझाइन आपलंच असेल तर मला तिसरा उपाय जास्त आवडतो: स्टँडला वरपासून खालपर्यंत अर्धा ते एक मिमी खोल व्ही आकाराची खाच द्यायची आणि स्लायसरमध्ये सीमची जागा मॉडेलवर हाताने रंगवता येते त्या सीम पेंटिंगने सीम तिच्या तळाशी रंगवायची. गाठ आली तरी पृष्ठभागाच्या आतच राहते. एकटी खाच उपरी वाटत असेल तर घेरभर सारख्या अंतरावर तशाच खाचा द्या, मग सीम नेमकी कुठल्या खाचेत आहे ते शोधूनही सापडत नाही.