सम्राटाच्या सनदेत क्षत्रप कसे आले?

रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनला कुष्ठरोग झाला. पोप सिल्व्हेस्टरने बाप्तिस्मा दिल्यावर तो बरा झाला आणि कृतज्ञ सम्राटाने रोम, इटली आणि साम्राज्याचा सारा पश्चिम भाग पोपच्या हवाली केला. अशी हकीकत सांगणारं एक लॅटिन दानपत्र मध्ययुगीन युरोपात प्रमाण मानलं जाई. ते चौथ्या शतकाच्या सुरुवातीचं, खुद्द सम्राटाच्या तोंडचं म्हणून ओळखलं जाई. बाराव्या शतकात चर्चच्या कायद्याच्या मुख्य संग्रहातही त्याला जागा मिळाली. पोपच्या सत्तेचे विरोधकसुद्धा बहुतेक वेळा एवढंच म्हणत, की असं दान देण्याचा सम्राटाला अधिकार नव्हता. मुळात कागदच खोटा आहे, असं म्हणणारे फार थोडे होते.

१४३३ मध्ये निकोलस ऑफ कुसा या धर्मपंडिताने शंका घेतली. इतका मोठा व्यवहार झाला असता तर त्या काळच्या इतिहासकारांनी कुठेतरी नोंदवला असता, आणि तशी नोंद त्याला सापडली नाही. युक्तिवाद चांगला होता, पण ‘नोंद हरवली असेल’ असं म्हणून कुणीही तो टाळू शकत होतं. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने थेट दानपत्राच्या भाषेलाच हात घातला. वाल्ला तेव्हा राजा आल्फोन्सोच्या पदरी होता आणि नेपल्सच्या गादीवरून राजाचं पोपशी वैर चाललं होतं. त्यामुळे या लेखनामागे राजकारण होतंच. तरी त्याचे पुरावे त्या राजकारणावर अवलंबून नाहीत, ते कुणालाही तपासून पाहता येतात.

वाल्लाने आयुष्यभर एक काम चिकाटीने केलं होतं: कोणता लॅटिन शब्द कोणत्या लेखकाने कोणत्या अर्थाने वापरला, हे जुन्या ग्रंथांतून गोळा करणं. त्यामुळे दानपत्र वाचताना तो पहिल्याच ओळींमध्ये अडला. सम्राट म्हणतो, हा निर्णय आम्ही ‘आमचे सर्व सत्रप’ आणि सिनेट यांच्यासह घेतला. सत्रप म्हणजे इराणी साम्राज्यातले प्रांताधिकारी. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांमुळे आपल्याला ओळखीचा असलेला ‘क्षत्रप’ तो हाच शब्द. रोमच्या राज्यकारभारात असं पद नव्हतं. रोमच्या निर्णयांमध्ये सत्रपांचं नाव कुणी कधी ऐकलंय का, असा वाल्लाचा संतप्त सवाल आहे.

पुढे सम्राट पोपला आपला ‘डायडेम’ देतो आणि तो शुद्ध सोन्याचा, रत्नजडित असल्याचं सांगतो. वाल्ला म्हणतो, डायडेम ही कापडाची किंवा रेशमाची पट्टी असते. ती डोक्यावर बांधण्याआधी हातात धरून ‘भाग्यवान नव्हे, फार तर थोर म्हणावं असं हे फडकं’ असं म्हणणाऱ्या एका राजाची जुनी गोष्टही तो सांगतो. दानपत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र त्याच्या स्वतःच्या काळातला सोन्याचा मुकुट होता.

आता या पद्धतीचा कच्चा दुवाही पाहायला हवा. हस्तलिखितं शतकानुशतकं हाताने उतरवली जातात. नकलकार चुकतो, एखादा जुना शब्द बदलून आपल्या ओळखीचा घालतो. एक विचित्र शब्द सापडला म्हणून अख्खा दस्तऐवज बनावट ठरत नाही. १५४७ मध्ये आगोस्तिनो स्टेउको या चर्चच्या विद्वानाने हाच बचाव मांडला: वाल्लाच्या हाती आलेली प्रतच सदोष होती.

काही शब्दांपुरता हा बचाव चालेलही, पण एका ठिकाणी तो पार कोसळतो. दानपत्र रोमच्या पोपला चार प्रमुख धर्मपीठांवर अधिकार देतं आणि त्यांत कॉन्स्टन्टिनोपलचं नाव आहे. त्याच दानपत्रात पुढे सम्राट म्हणतो की आता आम्ही पूर्वेला जाऊन बायझन्टियमच्या प्रदेशात आमच्या नावाचं शहर वसवणार आहोत. म्हणजे जे शहर अजून वसायचं आहे, त्याचं धर्मपीठ आधीच अस्तित्वात! प्रत्यक्षात या शहराचं उद्घाटन ३३० मध्ये झालं आणि त्याच्या पीठाला मोठा मान मिळाला तो त्याहून पुष्कळ नंतर. वाल्लाने हा विरोध नेमका पकडला. त्यात भर म्हणजे दानपत्र बायझन्टियमला ‘प्रांत’ म्हणतं, पण ते तर एक गाव होतं. इथे एखादं अक्षर चुकलेलं नाही. चौथ्या शतकाचा नकाशाच लेखकाला ठाऊक नाही.

वाल्लाचं हे लेखन छापून जर्मनीत पसरल्यावर १५२० मध्ये ते मार्टिन लूथरच्या वाचनात आलं. पुढे चर्चने त्यावर बंदी घातली, तरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस चर्चचा स्वतःचा इतिहासकार, कार्डिनल बारोनियस, यानेही दानपत्र खोटं असल्याचं मान्य केलं.

कागद चौथ्या शतकातला नाही, एवढं वाल्लाने सिद्ध केलं. तो कधीचा आहे, हे ठरवायला एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तीच पद्धत उलट दिशेने चालवली. हे शब्द एकत्र कुठे भेटतात, याचा त्यांनी शोध घेतला. आठव्या शतकाच्या मध्यावर पोपच्या दरबारातून निघालेल्या पत्रांची शैली दानपत्राशी जुळते आणि त्या काळी रोममधल्या बड्या सरदारांना ‘सत्रप’ म्हटलं जात असे. म्हणून बरेच अभ्यासक दानपत्राचा जन्म त्याच सुमाराला, रोममध्ये झाला असं मानतात. काहींच्या मते मात्र ते नवव्या शतकात, फ्रँकांच्या राज्यात रचलं गेलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.