स्नो आणि मलम: मेडिकलमधली ट्यूब आणि महागडी बरणी कुठून आल्या

कापूस वेचणी सुरू झाली की यवतमाळकडच्या बायकांच्या बोटांची दशा बघवत नाही. बोंड सुकलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी टणक होतात. दिवसभर त्यातून कापूस ओढताना नखांजवळची कातडी फाटते, त्यातच थंडीची कोरडी हवा. मग कुणी तालुक्याच्या मेडिकलमधून क्रीमची साधी ट्यूब आणते, तर कुणाची नागपूर-पुण्यात नोकरीला असलेली मुलगी काचेची सुरेख बरणी पाठवते. दोन्हींत फरक काय, हे समजायचं तर दोन्ही आल्या कुठून हे आधी बघावं लागतं.

आपल्या बोलण्यात एक जुना शब्द आहे, ‘स्नो-पावडर’. हा स्नो म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची व्हॅनिशिंग क्रीम. मुंबईच्या पाटणवालांनी 1919 च्या सुमारास ‘अफगाण स्नो’ काढला आणि तो घराघरांत गेला. त्यात मुख्यतः पाणी आणि स्टिअरिक अ‍ॅसिड. थोडा अल्कली घातला की त्या आम्लाचा काही भाग साबण होतो आणि तोच बाकीचं मिश्रण धरून ठेवतो. चेहऱ्यावर चोळलं की पाणी उडतं, मागे अगदी पातळ थर राहतो, तेलकटपणा नाही, वर पावडर नीट बसते. दिसायला आणि लावायला ही क्रीम छानच होती. पण फाटलेल्या हाताला तिचा उपयोग जवळपास नव्हता, कारण कातडीतलं पाणी अडवून धरायला तिच्यात पुरेसा स्निग्धांश नव्हता.

दुसरं घराणं मलमांचं, आणि ते औषधवाल्यांचं. दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याच्या नावावर असलेली कोल्ड क्रीम म्हणजे मेण, तेल आणि पाणी. ती नीट धरत नसे, पाणी सुटायचं, तेल खवट व्हायचं. 1872 मध्ये रॉबर्ट चेझब्रो यांनी अमेरिकेत व्हॅसलिनचं पेटंट घेतलं आणि खवट न होणारा स्निग्ध पदार्थ मिळाला. 1911 ची जर्मन निव्हिया क्रीम लोकरीच्या मेणातून काढलेल्या घटकाच्या जोरावर उभी राहिली. त्या घटकामुळे तेलात पाणी कायमचं धरून ठेवता आलं. कलकत्त्याची बोरोलीन 1929 ची, तीही याच मलमांच्या घराण्यातली. आजची मेडिकलमधली मॉइश्चरायझरची ट्यूब या सगळ्यांची नात आहे.

आता दोन्ही लेबलं शेजारी ठेवा. ट्यूबवर बहुधा ‘लिक्विड पॅराफिन’ आणि ‘व्हाइट सॉफ्ट पॅराफिन’ असं लिहिलेलं सापडेल. ही औषधशास्त्राची नावं. सौंदर्यप्रसाधनांच्या भाषेत पहिल्याला ‘मिनरल ऑइल’ म्हणतात, दुसऱ्याला ‘पेट्रोलॅटम’. वस्तू त्याच. जगभर अत्यंत महाग म्हणून प्रसिद्ध असलेल्या क्रेम द ला मेरच्या मूळ क्रीमची यादी बघितली, तर समुद्री शेवाळाच्या अर्कानंतर लगेच मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम आणि ग्लिसरीन येतात. कातडीत पाणी टिकवण्याचं मुख्य काम तिथेही हेच तिघं करतात.

लेबल वाचायची एक खूण लक्षात ठेवा. आपल्याकडच्या नियमांनुसार घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक यादीच्या शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. सुगंध किंवा प्रिझर्व्हेटिव्हच्या नंतर केशर, मोती, सोनं असं काही आलं, तर ते बहुधा नावापुरतं आहे असं समजायला हरकत नाही.

मग महागड्या बरणीत वेगळं काही नसतंच का? असतं, आणि ते खोटं नाही. लावतानाचा अनुभव खरंच वेगळा असतो. डायमेथिकोनसारखी सिलिकोन आणि हलके एस्टर घातले की क्रीम बोटाखालून सरकते, मिनिटभरात चिकटपणा जातो. स्नोचं जुनं वचन इथे मलमाच्या अंगात उतरवलेलं असतं. पॅराफिनची ट्यूब मात्र जड असते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा ती चेहऱ्यावर घामात मिसळते, वर धूळ बसते, आणि माणूस दुसऱ्या दिवसापासून लावणं सोडून देतो. म्हणून उन्हाळ्यात चेहऱ्यासाठी हलकं लोशन घ्यावं, पण डायमेथिकोन आणि ग्लिसरीन असलेलं लोशन मेडिकलमध्येही मिळतं. त्यासाठी बरणीची गरज नाही.

पैशाचा हिशोब मात्र हातापायांनीच करावा. त्वचारोगतज्ज्ञ बोटाच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ हे माप धरतात, ती साधारण अर्धा ग्रॅम. एका हाताच्या पंजाला एक रेघ, एका पावलाला दोन. दोन पंजे आणि दोन पावलं मिळून तीन ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे सहा, महिन्याला 180 ग्रॅम. समजा शंभर ग्रॅमची ट्यूब 250 रुपयांची आहे, तर महिन्याला 450 रुपये झाले. समजा पन्नास ग्रॅमची बरणी तीन हजारांची, तर तेवढ्याच कामाला 10,800 रुपये. एवढं कुणी लावत नाही. म्हणून बरणी जपून, चिमूट-चिमूट लावली जाते, आणि फाटलेल्या हातांना चिमूटभर क्रीम पुरत नाही. माझ्या अनुभवात बरणी ‘लागू पडत नाही’ याचं सर्वांत मोठं कारण हेच. हात धुऊन हलके टिपून, कातडी ओलसर असतानाच भरपूर लावली तर साधी ट्यूबही आठवड्याभरात फरक दाखवते.

स्वस्तातही चूक होऊ शकते. ब्रिटिश फार्माकोपियातली अ‍ॅक्वियस क्रीम वर्षानुवर्षं मॉइश्चरायझर म्हणून दिली जायची. तिच्यातलं तेल आणि पाणी एकत्र धरणाऱ्या इमल्सिफायरमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट हे डिटर्जंट असतं. 2013 मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने सांगितलं की अंगावर तशीच ठेवली तर तिने, विशेषतः इसब असलेल्या मुलांना, जळजळ होऊ शकते. वेचणीवरच्या एका काकूंनी मला त्यांची ट्यूब दाखवली होती. “हाताले लावलं का चरचरते,” म्हणाल्या. पाठीमागे बघितलं तर सोडियम लॉरिल सल्फेट पहिल्या पाच घटकांत. दुसरी साधी पॅराफिनची ट्यूब घेतली आणि चरचर थांबली. आणखी एक: बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेली ट्यूब मॉइश्चरायझर नव्हे, ते स्टिरॉइड आहे. ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून कुणी हातात दिली तरी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

चेहरा आणि अंग धुण्याच्या क्लेन्झरचं गणित याहून सोपं. साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात, कातडीचा पाचच्या आसपास. शिवाय आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड. त्यातल्या कॅल्शियमशी साबण भिडला की न विरघळणारी मळी होते, बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते तीच. ती थोडी अंगावरही राहते, म्हणून अंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी वाटते. सिंथेटिक डिटर्जंटच्या वड्या, उदाहरणार्थ अमेरिकेत 1957 साली आलेली डव्ह, आणि त्याआधी 1947 ची सेटाफिलसारखी बिनसाबणाची लोशन यांनी हा प्रश्न सोडवला. सेटाफिलच्या जुन्या सूत्रात पाण्यासकट जेमतेम आठ घटक होते. त्यात सोडियम लॉरिल सल्फेटही होतं, पण अगदी थोडं, आणि ते धुऊन किंवा पुसून टाकायचं असतं. परदेशातल्या औषधसाखळ्यांनी पुढे तशाच लोशनच्या स्वतःच्या नावाच्या बाटल्या काढल्या आणि बाटलीवरच लिहिलं की मूळ कंपनीच्या मालाशी तुलना करून बघा.

क्लेन्झर चेहऱ्यावर मिनिटभरही टिकत नाही. त्यातला महागडा अर्क पाण्याबरोबर न्हाणीच्या मोरीत जातो. तेव्हा तिथे फक्त दोन गोष्टी बघाव्यात: साबण नसावा, आणि धुतल्यावर पाच मिनिटांनी गाल ताणलेले वाटू नयेत.